दोन पानी कव्हर लेटर एका पानात कसं कोंबावं

पान एक करायला सांगितलंय, पत्र छोटं करायला कुणी सांगितलंय? एवढा फरक कळला की अर्धं काम तिथेच झालं.

तुमचं कव्हर लेटर पावणेदोन पानांचं झालंय, म्हणजे शब्द साडेसातशेच्या घरात. एका पानात नीट वाचता येतील असे साडेतीनशे, फार तर चारशे मावतात. बाकीचे कापावे लागतात असं काही लोक सांगतात. तुम्ही त्यांच्या नादी लागू नका. वर्डमध्ये Layout उघडा, Margins मध्ये जाऊन Narrow निवडा. चारही बाजूंचा एक इंची समास अर्ध्या इंचावर येतो. मग Ctrl+A दाबून 11 चा फॉन्ट साडेआठ करा, ओळींमधलं अंतर Exactly 9 pt ठेवा आणि दोन परिच्छेदांमधली रिकामी जागा शून्य करा. झालं एक पान. एकही शब्द गेला नाही आणि वरून खालपर्यंत कसं भरगच्च दिसतंय!

आता हे पान एचआरमधला माणूस कँटीनमध्ये मोबाईलवर उघडणार. त्याला बोटांनी ते मोठं करावं लागेल आणि मग एकेक ओळ संपवायला स्क्रीन डावी-उजवीकडे सरकवावी लागेल. म्हणजे तुमच्या पत्रावर त्याचा वेळ इतरांपेक्षा जास्त जाणार. फायदाच आहे.

तरीही कुणाला प्रामाणिकपणे कापायचंच असेल, तर काय कापायचं हे नीट समजून घ्या. एक उदाहरण धरू. चाकणच्या एका अॅल्युमिनियम डाय कास्टिंग कारखान्यात 11 वर्षं क्वालिटीत काढलेले एक गृहस्थ आहेत. अर्ज करतायत सिनियर मॅनेजरच्या जागेसाठी. जाहिरातीत तीन गोष्टी मागितल्या आहेत: कास्टिंगमधल्या दोषांवर केलेलं काम, ग्राहकांच्या ऑडिटचा अनुभव आणि तिन्ही शिफ्टची माणसं सांभाळण्याची तयारी.

गृहस्थांचं पत्र सुरू होतं ते "रिस्पेक्टेड सर ऑर मॅडम, विथ रेफरन्स टु युअर एस्टीम्ड ऑर्गनायझेशन" असं. पुढे जाहिरात कुठे वाचली, कोणत्या तारखेला वाचली, वाचून किती आनंद झाला, हे सगळं चार ओळींत. याला हात लावायचा नाही. विषयाच्या ओळीत पदाचं नाव असतं म्हणून हे चारही काढून टाका म्हणणारे लोक संस्कारहीन असतात. पाहुण्याच्या घरी जाऊन कुणी थेट कामाचं बोलतं का?

दुसऱ्या परिच्छेदात त्यांनी कंपनीला कंपनीचा इतिहास सांगितला आहे. स्थापना कधी झाली, किती प्लांट आहेत, व्हिजन काय, मिशन काय. वेबसाईटवरूनच उचललंय, त्यामुळे चुकण्याची भीती नाही. हेही ठेवा. आपली कंपनी कोणत्या साली सुरू झाली हे मॅनेजिंग डायरेक्टर विसरले असतील तर त्यांना उपयोग होईल.

तिसऱ्यात स्वभाववर्णन येतं. हार्डवर्किंग, सिन्सिअर, पंक्च्युअल, टीम प्लेअर, रिझल्ट ओरिएंटेड. एक खडूस परीक्षा सांगतात: वाक्यावर बोट ठेवायचं आणि विचारायचं, हेच वाक्य शेजारच्या टेबलावरच्या माणसाने त्याच्या पत्रात घातलं तर खोटं ठरेल का? ठरत नसेल तर खोडायचं. या परीक्षेने गृहस्थांचा तिसरा परिच्छेद अख्खा उडतो, पहिला आणि दुसराही उडतो, आणि पानाचा वरचा अर्धा भाग मोकळा होतो. इतकी मोकळी जागा घेऊन करायचं काय, हे ती परीक्षा सांगत नाही. म्हणून आपण तिच्या वाटेला जायचं नाही.

मग कापायचं काय? सोपं आहे. दुसऱ्या पानावर जे गेलंय ते. आणि नेमकं तिथेच त्यांचं काम लिहिलेलं आहे.

हा परिच्छेद जरा जवळून बघण्यासारखा आहे. गृहस्थ लिहितात, की त्यांच्याकडे गिअरबॉक्सचं हाउसिंग बनतं, आणि लीक टेस्टला पूर्वी फार पीस पडायचे. कास्टिंगच्या आत हवा अडकून बारीक छिद्रं राहतात, ती बाहेरून दिसत नाहीत, मशीनिंग झाल्यावर उघडी पडतात आणि तोवर मशीनिंगचा खर्चही वाया गेलेला असतो. मॅनेजमेंटने मीटिंग घेतली. साहेबांनी मार्गदर्शन केलं. टीम बनली, फिशबोन डायग्राम काढला गेला, व्हाय-व्हाय अॅनालिसिस झालं. नवीन मशीन घ्यावं अशी चर्चा झाली, पण बजेट नव्हतं. मग लक्षात आलं की डायचे व्हेंट घाणीने बुजतात आणि हवेला बाहेर पडायला वाट राहत नाही. शिवाय वितळलेला धातू डायमध्ये ढकलणारा प्लंजर हळू वेगातून जलद वेगात जायला लागतो ती जागाही चुकीची होती. दोन्ही सुधारलं. 8 महिन्यांत रिजेक्शन 7.2 टक्क्यांवरून 2.9 टक्क्यांवर आलं. आणि मग पुन्हा सगळ्यांचे आभार.

हे बारा ओळी आहे. आपण एका ओळीत आणू: "क्वालिटी रिजेक्शनमध्ये लक्षणीय घट घडवून आणली." बघा, किती भारदस्त झालं! आकडे गेले, हाउसिंग गेलं, व्हेंट गेले, महिने गेले आणि "लक्षणीय" आलं. मूळ गोष्टीत 7.2 आणि 2.9 असे दोन रूक्ष आकडे होते. "लक्षणीय"मध्ये ज्याला जेवढं वाटेल तेवढं त्याने भरून घ्यावं.

काही आगाऊ माणसं हाच परिच्छेद असा कापतात: "गिअरबॉक्स हाउसिंगचं लीक टेस्टमधलं रिजेक्शन 8 महिन्यांत 7.2 टक्क्यांवरून 2.9 टक्क्यांवर आलं. व्हेंट साफ करण्याचं शिफ्टनिहाय वेळापत्रक मी बसवलं आणि शॉटच्या वेगबदलाची जागा टूलरूमसोबत बदलली. नवीन मशीन घ्यावं लागलं नाही." तीनच वाक्यं. आधी किती होतं, नंतर किती झालं, किती वेळात, याने स्वतः काय केलं आणि काय न वापरता केलं, एवढंच राहिलं. साहेबांचं मार्गदर्शन गेलं. फिशबोनसुद्धा गेला, आणि त्याच्यासाठी तर रविवारी कामावर यावं लागलं होतं! तुमचा घाम कुठे दिसतोय यात?

शिवाय या माणसांची आणखी एक खोड असते. कापताना "मी" आणि "आम्ही" यांची खिचडी होऊ देत नाहीत. वेळापत्रक मी बसवलं, वेगबदल टूलरूमसोबत, असं वेगवेगळं लिहितात. तुम्ही मात्र जागा वाचवायची म्हणून टूलरूमला वगळा आणि "अंडर माय लीडरशिप" ठोकून द्या. मुलाखतीत कुणीतरी विचारेल, की वेगबदलाची जागा किती मिलीमीटरवर आणली आणि ती कशी ठरवली. तेव्हा छताकडे बघायचं. छत बघण्यासारखं असतं बऱ्याच कंपन्यांचं.

ग्राहक कंपनीचं नाव आणि तिच्या पार्टचा नंबरही घालायला विसरू नका. टक्केवारीवर भागत असताना गुप्ततेच्या करारावर सही केलेली गोष्ट पत्रात लिहिली, की समोरच्याला खात्री पटते: हा माणूस उद्या आपलीही माहिती अशीच मोकळेपणाने देईल.

आता उरलेल्या कामगिऱ्या. गृहस्थांकडे एकूण सहा आहेत. रिजेक्शनची झाली. दुसरी, ग्राहकाच्या दोन ऑडिटमध्ये एकही मोठी त्रुटी निघाली नाही. तिसरी, रात्रपाळीच्या इन्स्पेक्टरांना शिकवून तिन्ही शिफ्टचे निकाल सारखे आणले. चौथी, डाय बदलायचा वेळ 4 तासांवरून 2 तासांवर आणला. पाचवी, कँटीन समितीचं सचिवपद. सहावी, बेस्ट सजेशनचं बक्षीस, तेही फार जुनं.

जाहिरात शेजारी ठेवून बघितली तर पहिल्या तीन कामगिऱ्या मागितलेल्या तीन गोष्टींवर चपखल बसतात. म्हणून प्रत्येकीला दोन-तीन वाक्यं द्यावीत आणि बाकीच्या तीन रेझ्युमेत आहेतच, तिथेच राहू द्याव्यात, असा एक विचार आहे. डाय बदलण्याची कामगिरी खरी आणि चांगली असली तरी ती प्रॉडक्शनच्या जागेसाठी जास्त शोभेल, म्हणून या पत्रातून काढताना जीव तुटतो, पण काढावी, असंही म्हणतात. अशा निर्दयी माणसांशी संबंध ठेवू नका. सहाही ठेवा, प्रत्येकीला एकेक ओळ द्या. म्हणजे रिजेक्शन आणि कँटीन समिती शेजारी शेजारी, समान उंचीवर उभे राहतील. लोकशाही आहे.

मागची नोकरी का सोडतोय याचा परिच्छेदही लांबच हवा. नवीन साहेब आले, त्यांची माणसं आली, अप्रेझल झालं, रेटिंग कमी मिळालं. "कास्टिंग ते मशीनिंग पूर्ण जबाबदारी असलेली जागा शोधतोय" एवढ्या एका ओळीत हे उरकता येतं, पण मग तुमच्यावर झालेला अन्याय जगाला कळणार कसा?

एवढं करून पत्र अजूनही दीड पानाचंच असेल, आणि असणारच, तर मग वर सांगितलेला साडेआठचा फॉन्ट आहेच. सही खाली मावत नसेल तर ती समासात आडवी घाला. "डिक्लेअर दॅट द अबव्ह इन्फॉर्मेशन इज ट्रू" ही प्रतिज्ञा मात्र कापू नका, ती नसेल तर वरचं सगळं खोटं समजतात.

आता फक्त पाठवायचं राहिलं. पीडीएफ करत बसू नका, दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर तुमचा फॉन्ट नसला की साडेआठचं पान आपोआप पुन्हा दोन पानांवर जातं, तेवढीच गंमत. फाईलचं नाव `cover letter FINAL new2 (1).docx` असंच ठेवा. आणि शेवटच्या परिच्छेदात "आपल्या कंपनीचा भाग व्हायला मी उत्सुक आहे" या वाक्यात मागच्या आठवड्यात जिथे अर्ज केला होता त्या कंपनीचं नाव राहिलं असेल, तर तेही राहू द्या. एचआरला कळू दे की बाजारात तुम्हाला मागणी आहे.