फोटोवरून नकली गोळी पकडता येते, पण खरी ठरवता येत नाही

"नकली औषधांपासून सावध! गोळी घेण्याआधी पाकिटाचा फोटो काढा आणि झूम करून बघा. छपाई सुबक असेल, होलोग्राम चमकत असेल आणि बॅच नंबर कंपनीच्या यादीत सापडला, तर औषध शंभर टक्के खरं. नाहीतर गोळीच्या रंग-आकारावरून लगेच कळतं. सगळ्यांना पाठवा."

या फिरत्या मेसेजमधल्या रंग-आकाराच्या शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण सगळ्यात घातक तोच आहे. माझी बरीच वर्षं गोळ्यांच्या पॅकिंग लाइनवर गेली आहेत. गोळी म्हणजे साच्यात दाबलेली पावडर. साचा ज्या आकाराचा, त्या आकाराची गोळी पडते, आणि पावडर दाबणाऱ्या पंचावर कोरलेली अक्षरं तिच्यावर उमटतात. रंग वरच्या लेपाचा किंवा पावडरीतच मिसळलेला असतो. ५ मिलिग्रॅम औषधाच्या गोळीचं बाकीचं सगळं वजन लॅक्टोज, स्टार्च, सेल्युलोज अशा भरीच्या पदार्थांचं असतं. म्हणजे त्यातून औषध काढून टाकलं तरी वजन, रंग, गुळगुळीतपणा जवळपास तसाच राहतो. डोळ्याला दिसतं तेवढंच नक्कल करायला सोपं असतं.

अंगाला फरक जाणवेल, यावरही विसंबू नका. आग्नेय आशियात मलेरियावरच्या आर्टेसुनेटच्या नकली गोळ्या पसरल्या होत्या, तेव्हा काही गोळ्यांमध्ये पॅरासिटामॉल सापडलं. त्याने ताप उतरतो आणि रोग्याला वाटतं की औषध लागू पडलं. रक्तातले परजीवी मात्र वाढतच राहतात. काहींमध्ये खरं औषधही होतं, पण अगदी थोडं. तेवढ्याने रोग बरा होत नाही आणि रसायन टाकून रंग बदलतो का हे बघणाऱ्या साध्या चाचणीत गोळी खरी असल्याचा भास होऊ शकतो.

होलोग्रामचा धडाही याच प्रकरणाने दिला. खऱ्या कंपनीने पाकिटावर होलोग्राम लावला, की काही काळाने नकली पाकिटांवरही होलोग्राम येई. सुरुवातीचे नमुने ओबडधोबड होते, काही तर साधे छापील स्टिकर. पुढे ते सुधारत गेले आणि भिंगातून दिसणारी बारीक अक्षरंसुद्धा नक्कल करणाऱ्यांनी उचलली. अभ्यासकांनी अशा खोट्या होलोग्रामचे डझनाहून जास्त प्रकार नोंदवले. आणि स्थिर फोटोत तर होलोग्राम जवळजवळ निरुपयोगी असतो. त्याची खूण असते ती पाकीट तिरकं केल्यावर बदलणारं चित्र. एका फोटोत फक्त चमक दिसते, आणि चमक कुठल्याही चंदेरी कागदाला असते. बघायचाच असेल तर पाकीट हळूहळू फिरवत काढलेला व्हिडिओ मागा.

सुबक छपाईबद्दल फार बोलायला नको. चांगली छपाई विकत मिळते. शुद्धलेखनाची चूक, तिरकी कापलेली कड, फिका पडलेला लोगो दिसला तर संशय जरूर घ्या. तसं काही न दिसणं हा मात्र पुरावा नाही. उलटही होतं: कंपनी पाकिटाची रचना बदलते आणि जुन्याशी तुलना करणारा माणूस उगाच घाबरतो.

मग फोटोत बघायचं काय? माझं उत्तर: चित्र नव्हे, आकडे. बॅच नंबर, उत्पादनाची तारीख आणि मुदत संपण्याची तारीख. पाकिटाचं रंगीत चित्र आधीच छापून आलेलं असतं, पण हे आकडे बहुतेकदा पॅकिंगच्या वेळी वेगळ्या यंत्राने उमटवले जातात. म्हणून ते किंचित वरखाली सरकलेले असतात, त्यांची शाई वेगळी असते किंवा ते ठशाने दाबलेले असतात. आकडे नावाच्याच शाईत, त्याच ठसठशीतपणे, प्रत्येक पट्टीवर सुताइतकेही न हलता बसले असतील, तर ते चित्रासोबतच छापले गेले असण्याची शक्यता आहे. ही खूण एकटीने निकाल देत नाही, कारण यंत्रं वेगवेगळी असतात. पण पुढचं तपासायला ती पुरेशी आहे.

गेल्या वर्षी मावशीने मला तिच्या रक्तदाबाच्या गोळ्यांचे फोटो पाठवले. "डबा अगदी नेहमीसारखाच आहे गं, पण तारखा काही जुळत नाहीत," म्हणाली. डबा खरोखर नेहमीसारखाच होता. डब्यावर उत्पादन आणि मुदत यांत ३६ महिन्यांचं अंतर होतं आणि आतल्या पट्टीवर २४ महिन्यांचं. एकाच औषधाला एकाच डब्यात दोन आयुष्यं असू शकत नाहीत. बॅच नंबर दोन्हीकडे एकच होता. मी तिच्याकडून डब्याच्या सहाही बाजू, पट्टीच्या दोन्ही बाजू आणि जुन्या रिकाम्या पट्टीशेजारी नवी पट्टी ठेवून, असे फोटो मागवले. जुन्या पट्टीवर आकडे दाबलेले होते, बाजूने उजेड पडला की त्यांची सावली दिसत होती. नव्या पट्टीवर ते नुसते छापलेले होते.

कंपनीला कळवलं. उत्तर आलं की हा बॅच नंबर खरा आहे, पण त्याची मुदत वेगळी आहे. यादीतला शोध फसतो तो इथेच. नक्कल करणारा नंबर मनाने रचत नाही, दुकानातून खरं पाकीट आणतो आणि त्यावरचा उतरवतो. यादी एवढंच सांगते की असा नंबर कधीतरी निघाला होता. तुमच्या हातातली पट्टी त्या बॅचची आहे का, हे ती सांगू शकत नाही. म्हणून नुसता नंबर विचारू नका. नंबर, दोन्ही तारखा आणि गोळीची मात्रा असं एकत्र विचारा, आणि तेही पाकिटावरच्या फोन नंबरवर नव्हे. तो नंबरही छापणाऱ्यानेच छापलेला असतो. कंपनीचा संपर्क स्वतंत्रपणे शोधा.

फोटो काढतानाही काळजी घ्या. फ्लॅश बंद ठेवा, कारण चकचकीत फॉइलवर त्याचा पांढरा डाग पडतो आणि नेमके आकडेच झाकले जातात. खिडकीच्या उजेडात एक फोटो सरळ वरून आणि एक बाजूने उजेड घेऊन काढा. शेजारी मोजपट्टी ठेवा. मेसेजमधून पाठवला की फोटो दाबला जातो आणि बारीक अक्षरं विरघळतात, म्हणून तो फाइल म्हणून पाठवा. फोनचा कॅमेरा रंग आणि कडा आपल्या मनाने सुधारतो, तेव्हा "निळा जरा वेगळा वाटतो" एवढ्यावर कुणालाही दोषी धरू नका.

गोळीत काय आहे हे प्रयोगशाळाच सांगते, आणि त्यासाठी गोळी विरघळवून तिच्यातले घटक वेगळे करून मोजावे लागतात. त्यामुळे संशयित पट्टी, डबा आणि पावती फेकू नका, वेगळी ठेवा आणि औषध नियंत्रकाला कळवा. पण औषध बंद करून बसू नका. रक्तदाब, फिट्स, हृदय यांची औषधं अचानक थांबली तर ते थांबणंच धोक्याचं ठरतं. त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला आणि खात्रीच्या ठिकाणाहून नवी गोळी आणा.

मावशीकडे दुसराही एक डबा होता. त्याचेही फोटो मी अर्धा तास न्याहाळले. तारखा जुळत होत्या, आकडे दाबलेले होते, मला एकही खोट सापडली नाही. तरी त्यातली एकही गोळी मी तिला घेऊ दिली नाही, कारण तोही त्याच विक्रेत्याकडून आलेला होता.