डोकं आपटणाऱ्या बाळांना बांधायला सांगणाऱ्या त्या फॉरवर्डबद्दल

"बाळ झोपताना डोकं आपटतंय? ऑटिझमचं पहिलं लक्षण! दुधात अर्धं जायफळ उगाळून द्या आणि हातपाय दुपट्ट्याने बांधून झोपवा. झोपेत चालणाऱ्या मुलाला चुकूनही उठवू नका, जीव जातो!! सगळ्या आयांना पाठवा."

हे देवगडच्या आमच्या वहिनीला तिच्या बचत गटातून आलं. तिचा मुलगा 14 महिन्यांचा आहे आणि तो रोज असंच करतो, त्यामुळे ती रात्रभर रडली आणि सकाळी दुपट्टा काढून बसली होती. म्हणून लिहितोय, आणि रागाने लिहितोय.

आधी बांधणं आणि जायफळ, कारण नुकसान तिथे आहे. बांधलेलं बाळ पालथं पडलं तर त्याला स्वतःहून वळता येत नाही, सुटलेला कपडा गळ्याशी किंवा नाकावर येऊ शकतो, आणि आपल्याकडच्या दमट उकाड्यात बाळ तापतं ते वेगळंच. जायफळ आपल्या परसात होतं म्हणून ते निरुपद्रवी वाटतं. पण मोठ्या माणसाच्या पोटात पाचेक ग्रॅम, म्हणजे साधारण एक अख्खं जायफळ गेलं तरी उलट्या, धडधड, भास होतात. अर्धं जायफळ दहा किलोच्या बाळाला? आणि कोणी म्हणेल झोपेचं नाहीतर सर्दीचं गुंगी आणणारं सिरप द्या, तर तेही डॉक्टरला न विचारता अजिबात नाही.

आता वहिनीच्या मुलाचं. मी तिच्याकडून व्हिडिओ मागवला. दिवा मालवला की तो हातागुडघ्यांवर येतो, पुढेमागे झुलतो, आणि कपाळ भिंतीला लावतो, ठक ठक ठक, सेकंदाला एकदा-दीडदा, एका ठेक्यात. आठ-दहा मिनिटांत झोपतो. मधे तिने नाव घेऊन हाक मारली तर थांबला, वळून बघितलं, हसला, परत सुरू. दिवसा आईकडे बोट दाखवतो, टाटा करतो, "दे" म्हणतो. हे सगळं बघितलं की घाबरण्यासारखं काही उरत नाही. झोपविकारांचं जे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण डॉक्टर वापरतात त्यात हे आकडे आहेत: डोकं आपटणं, डोकं हलवणं, अंग झुलवणं यातलं काहीतरी 9 महिन्यांच्या 59 टक्के बाळांत दिसतं, 18 महिन्यांना 33 टक्के, 5 वर्षांना 5 टक्के. म्हणजे निम्म्याहून जास्त बाळं करतात आणि बहुतेकांचं आपोआप जातं. या आपटण्या-झुलण्याने झोप मोडत असेल, दिवसा त्रास होत असेल किंवा इजा होत असेल तेव्हाच त्याला आजार म्हणतात.

उपाय काय केला, तर गादी चिऱ्याच्या भिंतीला टेकवलेली होती आणि कपाळावर खरचटलेलं त्यामुळेच होतं, ती भिंतीपासून हातभर लांब केली. भोवती उशा रचल्या नाहीत, कारण लहान बाळाचा त्यात श्वास कोंडतो. आणि तो ठक ठक करायला लागला की सगळं घर धावत जायचं ते बंद, कारण लक्ष मिळतंय म्हटल्यावर मूल जास्त करतं.

ऑटिझमच्या बाबतीत एक अर्धसत्य मान्य करतो. त्या मुलांमध्ये डोकं आपटणं जास्त दिसतं. पण ते नुसतं झोपताना नसतं, जागेपणीही असतं, आणि सोबत नावाला ओ न देणं, डोळ्यांत न बघणं, येणारे शब्द गेलेले असणं असं काहीतरी असतं. तसं असेल तर बालरोगतज्ज्ञाकडे जायलाच हवं.

झोपेत चालणाऱ्याला उठवून जीव जात नाही. मूल गोंधळतं, कधी हात झटकतं, म्हणून हलवून जागं करायची गरज नाही, हळूच खांद्याला धरून अंथरुणाकडे वळवायचं. हे पहिल्या गाढ झोपेत, झोपल्यावर तास-दोन तासांत होतं, घराण्यात असतं, आणि झोप कमी पडली की वाढतं, त्यामुळे गणपतीत भजनं रात्री उशिरापर्यंत चालली की हमखास. धोका वेगळाच आहे, आपल्या विहिरीचा कठडा आणि मागच्या दाराची कडी. कडी वर लावा, विहिरीवर जाळी टाका.

डॉक्टरकडे कधी? इजा होत असेल, पाच वर्षांनंतरही चालू असेल, मूल घोरत असेल किंवा झोपेत श्वास अडकत असेल. आणि झटका एक-दोन मिनिटांचाच, दरवेळी हुबेहूब तसाच, एका रात्रीत अनेकदा, अंग ताठ होऊन येत असेल आणि हाक मारून थांबत नसेल, तर फिट असू शकते, तेव्हा दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. मोबाइलवर शूट करताना दिवा लावा, पूर्ण अंग फ्रेममध्ये घ्या, मधे एकदा नावाने हाक मारा आणि तो थांबतो का तेही रेकॉर्ड होऊ द्या, डॉक्टरला सगळ्यात उपयोगी तेच पडतं.