दिलगिरी व्यक्त करण्याची सुरक्षित पद्धत

समजा, आपण एखाद्या कंपनीच्या लेखा विभागात काम करता आणि आपल्या हातून एक खरीखुरी चूक झाली आहे. नाशिकच्या ग्राहकाला चार लाखांचा माल गेला, बिलही गेले. परंतु विक्रीच्या बिलांचे मासिक विवरणपत्र, म्हणजे जीएसटीआर-१, भरताना यादीतल्या दोन सारख्या नावांपैकी खालचे नाव निवडले गेले आणि ते बिल सोलापूरच्या भलत्याच व्यापाऱ्याच्या जीएसटी क्रमांकावर चढले. दोन्ही क्रमांक खरे, दोन्ही महाराष्ट्राच्या २७ ने सुरू होणारे, त्यामुळे पोर्टलने हूं की चूं केले नाही. १५ तारखेला नाशिकहून फोन आला, "तुमचं बिल टू-बीत दिसत नाही." टू-बी म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराचे किती क्रेडिट मिळेल हे ग्राहकाला दाखवणारी महिन्याची यादी; तिच्यात बिल नाही, म्हणून अठरा टक्क्यांप्रमाणे होणारे ७२,००० रुपयांचे क्रेडिट त्यांना या महिन्यात घेता येणार नाही, आणि २० तारखेपर्यंत तेवढा कर त्यांना रोखीने भरावा लागेल.

आता माफी मागणे आले. घाबरू नका, मराठी भाषा आपल्या पाठीशी आहे. 'मी चुकीचे नाव निवडले' या वाक्यात 'मी' उगाच उघडा पडतो. 'चुकीचे नाव निवडले गेले' म्हटले की नाव जणू आपणहून निवडून येते. (वर मी स्वतः हाच प्रयोग केला आहे, हे चाणाक्ष वाचकांच्या लक्षात आले असेलच.) त्याला 'तांत्रिक कारणास्तव' एवढी जोड द्यावी आणि शेवटी 'आपली काही गैरसोय झाली असल्यास दिलगीर आहोत' असे लिहावे. त्यातील 'असल्यास' हा शब्द फार मोलाचा आहे, कारण गैरसोय झाली की नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्यामुळे नाशिककरांवर जाते. तरीही त्यांनी आवाज चढवलाच, तर बिलाच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेल्या 'चू. भू. द्या. घ्या.' कडे बोट दाखवावे. भूल आपण दिली आहे, त्यांनी फक्त घ्यायची आहे.

ज्यांना हा मार्ग कोरडा वाटतो, अशा हळव्या मंडळींनी अश्रूंचा मार्ग धरावा. साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन "माझ्यामुळे कंपनीचं नाव गेलं, मी या जागेच्या लायकीचीच नाही," असे म्हणावे आणि राजीनाम्याचा विषय काढावा. साहेब चहा मागवतात, स्वतःच्या जुन्या चुका सांगतात, पाऊण तास समजूत घालतात, आणि तेवढ्या वेळात नाशिकला उलट फोन करायचा राहून जातो. भावनेच्या भरात "आजच्या आज दुरुस्त करून देते" असे वचनही देऊन टाकावे. ते पाळता येत नाही: त्याच महिन्यातल्या दुरुस्तीसाठी असलेल्या जीएसटीआर-१ए मध्ये ग्राहकाचा जीएसटी क्रमांक बदलता येत नाही, तो पुढच्या महिन्याच्या जीएसटीआर-१ मध्येच दुरुस्त करावा लागतो. पण हे आधी तपासून पाहणाऱ्याला पश्चात्तापाची धार राहत नाही, आणि वचन मोडल्यावर दुसऱ्यांदा रडण्याची सोयही होते.

आमच्या विभागातील एका नवख्या मुलीने मात्र यातले काहीही केले नाही, आणि तिचे उदाहरण आपण कदापि गिरवू नये म्हणून येथे देत आहे. तिने आधी पोर्टलवर बिल काढून पाहिले, साहेबांना तीन वाक्यांत सांगितले, आणि तासाभरात नाशिकला फोन लावला. "काका, चूक माझी आहे. यादीतून नाव निवडताना मी क्रमांक ताडून पाहिला नाही, आणि तुमचं बिल दुसऱ्यांच्या नावावर गेलं. या महिन्यात ते दुरुस्त होणार नाही. पुढच्या महिन्याच्या ११ तारखेच्या आत मी दुरुस्ती भरते, १४ ला तुम्हाला दिसेल. तोपर्यंत कराचे ७२,००० आमच्या पेमेंटमधून थांबवा, साहेबांना विचारलं आहे."

समोरून काका जे काही बोलले, ते तिने ऐकून घेतले. महिनाअखेरचा ताण, दोन सारखी नावे, गैरहजर सहकारी अशी एकाहून एक उत्तम कारणे हाताशी असताना तिने एकही वापरले नाही. वाया गेली बिचारी. 'सॉरी' एकदाच म्हणाली. त्यानंतर तिने सोलापूरलाही कळवले, की तुमच्या टू-बीत आलेले हे बिल तुमचे नाही, त्याचे क्रेडिट घेऊ नका. ज्याने तक्रारही केली नव्हती, त्याच्याकडे आपण होऊन चूक कबूल करायची, याला काय म्हणावे?

पुढच्या महिन्यात १४ तारखेला नाशिकहून फोन आला. "दिसलं. बहात्तर पाठवतो," एवढेच बोलून काकांनी ठेवूनही दिला. मी शेजारीच बसलो होतो. दिलगिरीचे एक अत्यंत सुंदर पत्र माझ्याकडे तयार होते, ते तसेच राहिले.