अनोव्हा ‘आला’ म्हणजे तिन्ही उपचार वेगळे ठरत नाहीत

> “तीन उपचार असतील तर अनोव्हा लावा. पी ०.०५ च्या खाली आला की तिन्ही उपचार एकमेकांपासून वेगळे ठरले. मग दोन-दोन गट घेऊन साधी टी-टेस्ट करा. पी कमी तिथे फरक, पी जास्त तिथे दोन्ही उपचार सारखे. अनोव्हा आला नाही तर विषय संपला. थीसिसवाल्यांना पुढे पाठवा.”

प्रबंध जमा करायचे दिवस जवळ आले की परळच्या आमच्या भागात झेरॉक्सच्या दुकानांपुढे रांगा लागतात आणि माझ्या फोनवर हा मजकूर येतो. यंदा तो तीन वेगवेगळ्या ग्रुपांतून आला. मी फिजिओथेरपी आणि एमडीच्या विद्यार्थ्यांच्या आकडेमोडीचं काम बघते, त्यामुळे याचे परिणाम शेवटी माझ्याच टेबलावर येऊन पडतात. पहिल्या वाक्याशी माझं भांडण नाही. पुढच्या चारही वाक्यांशी आहे, पण सारखं नाही. एकात तर हा मजकूर, बहुधा नकळत, बराचसा बरोबर आहे.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजावण्यासाठी मीच बनवले आहेत. खांदा आखडलेले ३६ रुग्ण, चिठ्ठ्या टाकून प्रत्येकी १२ जणांचे तीन गट. अ गटाला शेक आणि घरी करायचे व्यायाम, ब गटाला मोबिलायझेशन, क गटाला मोबिलायझेशन आणि स्ट्रेचिंग. चार आठवड्यांनी हात बाजूने वर उचलायचा कोन किती अंशांनी वाढला ते गोनिओमीटरने मोजलं. सरासरी वाढ अ मध्ये १८, ब मध्ये २४, क मध्ये २८ अंश. प्रमाण विचलन अनुक्रमे ८, ९ आणि १०.

अनोव्हा इथे दोन गोष्टी शेजारी ठेवून बघतो. एकाच गटातले रुग्ण आपापसांत किती वेगळे आहेत, ही पहिली. विचलनांचे वर्ग ६४, ८१ आणि १००, त्यांची सरासरी ८१.६७. तिन्ही गटांच्या सरासऱ्या एकमेकींपासून किती पांगल्या आहेत, ही दुसरी. एकूण सरासरी २३.३३, तिच्यापासूनच्या तिन्ही अंतरांच्या वर्गांची बेरीज ५०.६७, गुणिले १२ म्हणजे ६०८, भागिले २ म्हणजे ३०४. आता ३०४ ला ८१.६७ ने भागलं की एफ येतो ३.७२, डिग्री ऑफ फ्रीडम २ आणि ३३.

बरोबर तीन गट असले की एक सोय होते, जी फारसं कुणी सांगत नाही. वरची डिग्री २ असली तर पी साध्या कॅल्क्युलेटरवर निघतो:

```
p = (1 + 2F/d)^(-d/2)
```

d म्हणजे खालची डिग्री, इथे ३३. उत्तर ०.०३५. प्रबंधात छापलेले एफ आणि पी एकमेकांशी जुळतात का, हे मी आधी याच सूत्राने बघते. जुळले नाहीत तर कुठेतरी जुना तक्ता नव्या आकड्यांशेजारी चिकटवलेला असतो.

आता दुसरं वाक्य. एफ एकच प्रश्न विचारतो: तिन्ही उपचारांचा परिणाम खरोखर सारखाच असता, तर सरासऱ्या इतक्या पांगल्या असत्या का? ०.०३५ म्हणतो, क्वचितच. म्हणजे “तिन्ही सारखे” हे विधान आपण सोडून देतो, एवढंच. ते सोडल्यावर उरतं ते “सगळे सारखे नाहीत”, “सगळे वेगळे आहेत” नव्हे. चाळीतल्या तीन भावांची उंची सारखी नाही म्हटलं, तर दोघं जुळे आणि एकच उंच असंही असू शकतं. माझ्या स्वतःच्या प्रबंधात मी “तिन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला” असं लिहिलं होतं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पान उलटायच्या आधीच विचारलं, “कोणाकोणात?” माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण मी पुढची पायरी केलीच नव्हती.

पुढची पायरी म्हणजे जोड्या. इथे तो मजकूर साधी टी-टेस्ट करायला सांगतो आणि त्यावर सरसकट तुटून पडायची पद्धत आहे: तीन टेस्ट, प्रत्येकीत पाच टक्के चुकीची शक्यता, म्हणून एकूण चौदा टक्के, म्हणून महापाप. तो चौदाचा आकडाही नेमका नाही. तिन्ही तुलना एकमेकींत गुंतलेल्या असतात (अ दोन जोड्यांत येतो, ब दोन, क दोन), त्यामुळे मोठ्या नमुन्यात खरा आकडा बाराच्या आसपास निघतो. आणि तोही अनोव्हा न बघता थेट टी-टेस्ट लावल्या तरच. आधी एफ लक्षणीय आला असेल आणि गट तीनच असतील, तर साध्या टी-टेस्टनेही एकूण चूक पाच टक्क्यांच्या वर जात नाही. कारण असं: तिन्ही उपचार खरोखर सारखे असतील, तर शंभरातल्या पंचाण्णव वेळा एफच दार बंद करतो. दोनच सारखे आणि तिसरा वेगळा असेल, तर चुकायला एकच जोडी उरते आणि तिची चूक पाच टक्केच. तिन्ही वेगळे असतील, तर नसलेला फरक दिसायची वेळच येत नाही. फिशरची एलएसडी पद्धत ती हीच.

पण चौथा गट आला की हे कवच फुटतं. समजा तीन उपचार सारखे आणि चौथा एकटाच फार वेगळा. त्या चौथ्यामुळे एफ हमखास लक्षणीय येतो, दार सताड उघडतं, आणि आत सारख्या उपचारांच्या तीन जोड्या चुकायला मोकळ्या. मजकूर पुढे पाठवणारा ही अट सांगत नाही आणि पुढच्या वर्षीचा विद्यार्थी तोच नियम पाच गटांना लावतो. दुसरी अडचण मापाची आहे. दोन-दोन गट निवडून टी-टेस्ट केली की प्रत्येक जोडीला वेगळी फूटपट्टी लागते: अ-ब ला ६४ आणि ८१ ची सरासरी, ब-क ला ८१ आणि १०० ची, आणि डिग्री ३३ ऐवजी २२. विचलनं सारखीच धरून अनोव्हा केला असेल, तर तिन्ही जोड्यांना ८१.६७ हेच माप लावायला हवं. म्हणून मी ट्यूकी करायला सांगते. तिन्ही गटांना एक माप, आणि प्रत्येक फरकासोबत अशी कॉन्फिडन्स इंटर्व्हल मिळते की तिन्हींवर एकदम ९५ टक्के भरवसा ठेवता येतो.

आपल्या उदाहरणात ट्यूकीचा उंबरठा ९ अंशांच्या जरा वर येतो. कोणत्याही दोन सरासऱ्यांत त्याहून जास्त अंतर हवं. अ आणि क मध्ये १० अंश, म्हणजे पार. अ आणि ब मध्ये ६, ब आणि क मध्ये ४. दोन्ही अलीकडेच राहिले.

इथे “पी जास्त तिथे सारखे” हा नियम लावून बघा. अ आणि ब सारखे. ब आणि क सारखे. मग अ आणि क सारखे व्हायला हवेत, पण ते तर वेगळे ठरलेत! चूक गणिताची नाही, “सारखे” या शब्दाची आहे. ब हा दोघांच्या मधे उभा आहे आणि तो कोणाच्या बाजूचा हे सांगायला गटात १२ माणसं पुरत नाहीत. ब आणि क मधल्या फरकाची इंटर्व्हल साधारण उणे ५ ते अधिक १३ अंश आहे. स्ट्रेचिंग जोडल्याने खांदा १३ अंश जास्त सुटत असेल, ही शक्यता या आकड्यांनी नाकारलेली नाही. एखाद्या ओपीडीने हे वाचून स्ट्रेचिंग बंद केलं, तर ते या अभ्यासाच्या नावावर करता येणार नाही. “सारखे” म्हणायचंच असेल, तर किती अंशांपर्यंतचा फरक आपण किरकोळ मानतो ते आधी, सिनॉप्सिसमध्येच लिहावं लागतं, आणि अख्खी इंटर्व्हल त्या मर्यादेच्या आत बसावी लागते.

अ-क च्या विजयावरही फार फुलून जाऊ नये. तिथली इंटर्व्हल साधारण १ ते १९ अंश. खालचं टोक एक अंशावर, आणि त्याच खांद्यावर गोनिओमीटर दुसऱ्यांदा लावला तर याहून जास्त फरक सहज पडतो. शिवाय क मध्ये अ पेक्षा दोन गोष्टी निराळ्या होत्या, मोबिलायझेशन आणि स्ट्रेचिंग. त्यातलं श्रेय कोणाचं, हे अ-क ची जोडी सांगत नाही.

मग निकाल कसा लिहायचा? प्रबंध इंग्रजीत जातो, पण वाक्यांत काय यायला हवं ते मराठीत असं:

“चार आठवड्यांनंतर कोनातील सरासरी वाढ (प्रमाण विचलन) अ गटात १८ (८), ब गटात २४ (९) व क गटात २८ (१०) अंश होती, प्रत्येक गटात १२ रुग्ण. तिन्ही गटांची सरासरी वाढ सारखी नव्हती, F(2, 33) = 3.72, p = 0.035. ट्यूकीच्या तुलनेत क गटातील वाढ अ गटापेक्षा १० अंशांनी जास्त होती (९५% इंटर्व्हल १ ते १९). ब व अ (फरक ६, उणे ३ ते १५) तसेच क व ब (फरक ४, उणे ५ ते १३) यांच्यात फरक असल्याचा पुरेसा पुरावा मिळाला नाही.”

यात “श्रेष्ठ” नाही, “सिद्ध” नाही, आणि लक्षणीय न ठरलेल्या जोड्याही आकड्यांसकट आहेत. विद्यार्थी नेमक्या त्याच गाळतात.

शेवटच्या, “विषय संपला” वाल्या वाक्याला थोडक्यात उत्तर पुरे. ट्यूकीला एफची परवानगी लागत नाही; तो चूक स्वतःच आवरतो. एफ लक्षणीय नसताना ट्यूकीत एखादी जोडी लक्षणीय निघू शकते आणि उलटंही होतं, कारण दोघं वेगळे प्रश्न विचारतात. आणि सिनॉप्सिसमध्ये तुम्ही मुळात एकच तुलना ठरवली असेल, समजा क विरुद्ध ब, तर ती एफ काहीही आला तरी करायची आणि लिहायची. एफ हुकल्यावर मनाला येईल ती जोडी उचलणं वेगळं.

हे सगळं विचलनं साधारण जवळची आहेत असं धरून. ८, ९, १० ला हरकत नाही. एका गटाचं विचलन दुसऱ्याच्या दुप्पट आणि गटही लहान-मोठे असतील, तर वेल्चचा अनोव्हा आणि जोड्यांसाठी गेम्स-हॉवेल घ्या.

R मध्ये काम एवढंच:

```
d$group <- factor(d$group)
fit <- aov(gain ~ group, data = d)
summary(fit)
TukeyHSD(fit)
```

पहिली ओळ गाळू नका. गटांना १, २, ३ असे आकडे दिले असतील आणि factor केलं नसेल, तर R त्यांना मोजमाप समजून सरळ रेषा बसवतं. तक्ता अगदी व्यवस्थित दिसतो, पीसुद्धा येतो. फक्त group समोर डिग्री २ ऐवजी १ असते आणि खाली ३३ ऐवजी ३४. गेल्या मोसमात माझ्याकडे आलेल्या एका प्रबंधात हा १ आणि ३४ तीन प्रकरणांत तसाच छापलेला होता.