हापूस विका, पण वर्णन असं लिहा की कोणी घेणार नाही

देवगड हापूसची वेबसाइट काढलीत, आता मेटा डिस्क्रिप्शन लिहायचंय ना? म्हणजे गूगलमध्ये निळ्या टायटलखाली येतात त्या दोन ओळी. सोप्पंय. टायटल आहे 'देवगड हापूस ऑनलाइन, पुण्यात घरपोच', तेच कॉपी करून खाली चिकटवा. माणसाने एकदा वाचलं ते परत वाचेल, आणि पेटीत किती डझन, भाव काय, आंबा कधी येणार हे त्याला कळायची काय गरज?

गूगलला ते निरुपयोगी वाटलं की ते तुमची ओळ बाजूला ठेवून पेजवरचंच काहीतरी उचलून दाखवेल. तसं ते चांगल्या वर्णनालाही कधीकधी करतं म्हणा, माणसाने काय सर्च केलंय त्यावर असतं, त्यामुळे आळसाला निमित्त तयारच.

आता 'फ्री डिलिव्हरी' ठोकून द्या. फ्री दोन पेट्यांवरच आहे हे पेजच्या तळाशी बारीक अक्षरात असू दे. क्लिक धो धो येतील, माणूस एक पेटी टाकेल, डिलिव्हरीचा चार्ज दिसला की मनातल्या मनात शिव्या घालून मागे जाईल. क्लिक तर मिळाला ना!

आणि 'अस्सल' शब्दाला अवतरणचिन्ह लावायला विसरू नका:

```html
<meta name="description" content="आमचा "अस्सल" हापूस घरपोच">
```

ब्राउझरला वाटतं दुसऱ्या अवतरणाशीच वाक्य संपलं, म्हणून तुमचं अख्खं वर्णन उरतं 'आमचा'. काय आमचा, ते गिऱ्हाइकाने ओळखायचं.

फक्त एक करू नका, असलं काही लिहू नका: 'पाच डझनाची पेटी, झाडावरून उतरवल्यावर दोन दिवसांत पुण्यात. दोन पेट्यांवर डिलिव्हरी फुकट, एकीवर चार्ज वेगळा. डागी आंबा बदलून देतो.' यात टायटलमधलं वाक्य परत नाही, अट सरळ सांगितलीय, आणि कामाचं सगळं आधी आलंय, म्हणजे मोबाइलवर शेवट कापला गेला तरी अडत नाही. शी, अशाने एकच पेटी हवी असलेला माणूस क्लिकच करणार नाही आणि उगाच आलेली गर्दी कमी होईल!

निकाल बघायची पद्धतही सांगून ठेवतो. गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये सीटीआर असतो, म्हणजे पेज जितक्या वेळा दिसलं त्यातल्या किती वेळा क्लिक झालं ते प्रमाण. मार्चचा सीटीआर एप्रिलशी लावायचा, मधल्या काळात पेज आठव्या नंबरवरून तिसऱ्यावर आलंय तो रकाना झाकून ठेवायचा आणि सगळं श्रेय आपल्या ओळीला द्यायचं. नंबर साधारण तोच असताना, त्याच सर्चसाठी, बदलाच्या आधीचे नि नंतरचे आठवडे कोण बघत बसतो? क्लिक वाढले पण ऑर्डरी तेवढ्याच राहिल्या, हे तर बघूच नका, झोप उडेल.

मे महिन्यात फोन येतील, 'काका, फ्री लिहिलं होतंत ना?' तेव्हा रेंज नाही म्हणायचं, देवगडला आहे म्हटलं की पटतं.