डाळीला धुंगार आणि घराला खोकला

आमच्या इंदूरच्या मराठी घरात वरण हे वरण असतं आणि दाल ही दाल असते, दोन्हीत तूरडाळच असली तरी. वरणात हिंग, गूळ, वर साजूक तूप, विषय संपला. दाल तडका मात्र पाहुणे आले की होतो, आणि हल्ली त्याला धुंगार, म्हणजे निखाऱ्यावर तूप सोडून केलेला धूर, दिल्याशिवाय आमच्या सौ.चं समाधान होत नाही. तडका ती देते, कौतुक तिचं. कोळसा मात्र मी बघायचा. का, तर "अहो, तुम्हाला तसंही काही काम नाहीये."

परवा रविवारी पुण्याचे साडूभाऊ सहकुटुंब आले होते. पुण्याच्या माणसासमोर इंदूरची इज्जत असते म्हणून आत्यापण सकाळपासून किचनमध्ये ठाण मांडून बसलेली. आत्याचं म्हणणं असं की धुराची चव पाहिजे तर सरळ कंडे पेटवा, कणकेचे बाफले भाजा, डाळ त्याच्या शेजारी ठेवा, गॅसवर कोळसा भाजायची ही कसली नाटकं. म्हणणं चूक नाहीये, पण तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये गोवऱ्या पेटवल्या तर सोसायटीवाले आम्हालाच खाली ठेवून येतील.

तर आधी कोळसा. मुलाला पाठवलं तर तो पूजेच्या दुकानातून धूप जाळायच्या त्या गोल काळ्या टिकल्या घेऊन आला, एक काडी लावली की तडतडत पेटतात त्या. बाबा, किती सोप्पं! सोप्पं आहे कारण त्यात लवकर पेटायचा मसाला घातलेला असतो, आणि तो मसाला डाळीत कुणाला पाहिजे? मग कोपऱ्यावरच्या प्रेसवाल्याकडून दोन तुकडे आणले, तेपण बघून. लाकडाचा कोळसा हातात हलका लागतो, फोडला की आत लाकडाच्या रेघा दिसतात, एकावर एक आपटला तर खणखण वाजतो. दगडी कोळसा जड असतो, चकाकतो आणि जळताना गंधकासारखा वास मारतो, तो डाळीच्या आसपाससुद्धा नको. प्रेसवाला भिया विचारत होता, दोन तुकड्यांत कोणते कपडे प्रेस करणार, मी म्हटलं डाळ. त्याने पैसे घेतले नाहीत, दयेपोटी असावं.

मग पापड भाजायची जाळी गॅसवर, त्यावर दीड इंचाचा तुकडा, आच मोठी, आणि मी चिमटा घेऊन उभा. पहिल्या मिनिटातच फट्ट करून ठिणगी उडाली आणि साडूभाऊ हॉलमधून ओरडले, सिलेंडर बघा हो! सिलेंडरला काय होतंय, कोळशात पावसाळ्याची ओल असली की तो असाच फुटतो, म्हणून दोन हात लांब उभं राहायचं आणि लहान मुलांना हाकलायचं. सहा-सात मिनिटं उलटपालट करावी लागते आणि या सहा-सात मिनिटांत घरातला प्रत्येक माणूस येऊन "झाला की आता" म्हणून जातो. आता ज्वाळेत धरलेला कोळसा सगळ्यांनाच लाल दिसतो. खरी परीक्षा गॅस बंद करून. आच गेली आणि तुकडा कडेने काळा पडला तर तो झालेला नाही, चारी बाजूंनी लालच राहिला, वर राखेची पातळ पांढरी साय आली, तर झाला. सौ.ला हे तीनदा समजावलं तर म्हणते, पाहुणे जेवून पुण्याला पोचतील.

पण घाई का करायची नाही त्याचं कारण आहे, ते मी साडूभाऊंना ऐकवलंच, सापडलेत तर सोडतो काय. पूर्ण पेटलेला कोळसा स्वतः जवळपास धूर करतच नाही, त्यातलं धुराचं सामान कोळसा बनतानाच जळून गेलेलं असतं. डाळीला जो वास लागतो तो तुपाचा. तूप लालबुंद निखाऱ्यावर पडलं की करपून त्याचा पांढरा दाट धूर होतो, तो आपल्याला हवाय. कोळसा अर्धाकच्चा असेल तर तूपच त्याला विझवतं आणि मग येतो तो विझलेल्या चुलीचा कोंदट वास. साडूभाऊ म्हणाले, अच्छा, म्हणजे डालडा चालेल? आत्याने त्यांच्याकडे असं बघितलं की पुढचा प्रश्न आलाच नाही.

इकडे डाळ तयार. एक मोठी वाटी तूरडाळ, घट्टसर, गॅस बंद, जिरं-लसूण-लाल मिरचीचा तुपातला तडका आधीच वर ओतलेला आणि मुद्दाम न ढवळलेला. धुराची चव तुपाला पटकन चिकटते, म्हणून वरचा तो तुपाचा तवंग तसाच राहू द्यायचा. पातेलं निम्मंच भरलेलं पाहिजे, काठोकाठ डाळ भरून झाकण ठेवलं तर धूर थांबणार कुठे? सौ.ने नेमकी लहान पातेल्यात काढली होती, दिसायला छान दिसते म्हणून. परत मोठ्या पातेल्यात. त्यावरून जे बोलणं झालं ते इथे लिहीत नाही.

मधोमध कांद्याची एक जाड पाकळी वाटीसारखी तरंगत ठेवली. स्टीलची वाटीपण चालते, पण डाळ जरा पातळ असली की ती कलते आणि निखारा राखेसकट डाळीत आंघोळ करतो. कोळशावर फुंकर मारून राख उडवली (सिंककडे तोंड करून, पाहुण्यांकडे नाही), चिमट्याने पाकळीत ठेवला, अर्धा चमचा तूप सोडलं आणि भप्पकन जाळ झाला. साडूभाऊंच्या मिसेस किंचाळल्या. घाबरायचं काही नसतं, झाकण ठेवायचं, हवा तुटली की जाळ विझतो आणि धूर सुरू होतो.

आता तीन मिनिटं. फक्त तीन मिनिटं कुणी झाकणाला हात लावायचा नाही, एवढी साधी गोष्ट, पण आपल्या लोकांना बंद झाकण बघवत नाही. मुलगा आला, जरा बघू? साडूभाऊ आले, वास येतोय का नुसता? एकदा उघडलं की धूर गेला छताला, तो परत आणता येत नाही, म्हणून मी झाकणावर खलबत्ता ठेवला आणि शेजारी स्वतः उभा राहिलो, सराफ्यातल्या दुकानाच्या चौकीदारासारखा. तर आत्या म्हणे, दहा मिनिटं ठेव, चांगलं मुरेल. मुरत नाही हो आत्या, कडू होतं! पाचच्या पुढे गेलं की डाळ जिभेवर तुरट लागते, घशात खवखवते, आणि मग लिंबू पिळा नाहीतर साखर घाला, तो कडूपणा जात नाही. झाकण काढतानाही सरळ वर न उचलता तिरकं करून बाजूला न्यायचं, आतून जो पिवळट घाम आलेला असतो तो डाळीत ठिबकला तर तीच गत.

खिडक्या सगळ्या उघड्या होत्या, कोळशाच्या हवेत बंद घर चांगलं नाही, तरी निम्मं घर खोकत होतं. डाळ मात्र संपली. साडूभाऊंनी तीनदा घेतली आणि म्हणाले, पुण्यात एका हॉटेलात अशीच मिळते. कौतुकच म्हणायचं.

राहिला कोळसा. वरून काळा पडला तरी आत धुगधुगत असतो, प्लास्टिकच्या डस्टबिनमध्ये टाकला तर भोक पडेल, म्हणून पाण्याच्या मगात बुडवून ठेवला. सकाळी कचरा गाडी गाणं वाजवत आली आणि हा गीला कचरा की सूखा यावर घरात दोन पार्ट्या पडल्या. सौ. म्हणे रात्रभर पाण्यात आहे म्हणजे गीला, मुलगा म्हणे कोळसा म्हणजे सूखा, खाली गाडीवाला हाका मारतोय, आणि आत्याने तोपर्यंत मग उचलून गॅलरीतल्या मोगऱ्याच्या कुंडीत रिकामा केला.