"पासिंग नंतर करून घ्या" म्हणणाऱ्यांनो, आता पुरे!

जुन्या गाड्यांच्या कुठल्याही बाजारात जा आणि कॅबला लावायला गाडी बघतोय म्हणून सांगा. डीलर हमखास म्हणणार, "पांढऱ्या पाटीची घ्या, घरगुती वापरलेली आहे. पासिंग नंतर करून घ्या, आपला एजंट आहे." डोकं सणकतं हे ऐकून. त्या एका "नंतर"पायी माणसाचे दोन-तीन महिने जातात आणि कर्जाचा हप्ता मात्र पहिल्या महिन्यापासून सुरू झालेला असतो.

नंतर म्हणजे नेमकं काय, ते हे कधी सांगत नाहीत. आधी जुन्या कर्जाचा बोजा आरसीवरून उतरवायचा. त्याला बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 लागतो. मग फॉर्म 29 आणि 30 भरून गाडी नावावर करायची. आधीच्या मालकाची ई-चलनं थकली असतील तर इथेच गाडं अडतं. नाव लागलं की खासगीतून ट्रान्सपोर्टमध्ये बदल, कराचा फरक, विमा कमर्शियल, फिटनेस, परमिट आणि शेवटी पिवळी पाटी. यातलं मधलं एक पाऊल अडकलं की पुढची सगळी थांबतात. आणि हे पूर्ण होईपर्यंत त्या गाडीवर एक रुपयाचं भाडं मारता येत नाही.

"तोवर पांढऱ्या पाटीवर चालवा, सगळेच चालवतात," हा पुढचा सल्ला. असा सल्ला देणाऱ्याला खरं तर बाजारात उभंच करू नये. विनापरमिट भाडं मारताना पकडलं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 192अ खाली 10,000 रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. त्याहून वाईट म्हणजे विमा. खासगी पॉलिसीत स्पष्ट लिहिलेलं असतं की भाड्याने प्रवासी वाहण्यासाठी हे संरक्षण नाही. अपघात झाला तर गाडीची भरपाई विसरा, आणि समोरच्याला दिलेली रक्कमही विमा कंपनी मालकाकडून वसूल करायला निघू शकते.

डीलरच्या हिशोबात विम्याचा फरकही नसतो. 2022 च्या अधिसूचनेतल्या दराने 1000 ते 1500 सीसीच्या खासगी कारचा थर्ड पार्टी हप्ता 3,416 रुपये. तीच गाडी टॅक्सी झाली की मूळ 7,940 आणि शिवाय प्रत्येक प्रवाशामागे 978. चार प्रवासी धरले तर 11,852 रुपये, जीएसटी वेगळा. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा अजून यात आलेलाच नाही.

आता वय. ओला-उबरसारख्या ॲप कंपन्यांसाठी असलेल्या केंद्राच्या 2025 च्या ॲग्रीगेटर मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून आठ वर्षं उलटलेली गाडी ॲपवर घ्यायची नाही. पहिल्या नोंदणीपासून, तुम्ही घेतल्यापासून नव्हे! समजा जून 2020 ची गाडी जानेवारी 2026 मध्ये साडेचार लाखांना घेतली. कागदांत दोन महिने गेले, मार्चमध्ये रस्त्यावर आली. जून 2028 पर्यंत उरले 27 महिने. शेवटी दीड लाखाला विकली जाईल असं धरलं तर तीन लाख भागिले 27, म्हणजे महिन्याला 11,100 रुपये नुसती गाडीची झीज. वाया गेलेले दोन महिने या कमाईच्या मुदतीतूनच गेलेत. "अजून दहा वर्षं बघायला नको," असं डीलर म्हणतो तेव्हा तो घरगुती वापराबद्दल बोलत असतो, धंद्याबद्दल नाही.

म्हणून टोकन देण्याआधी mParivahan वर गाडीचा नंबर टाका. वाहनाचा वर्ग Motor Cab(LPV) आहे की Motor Car(LMV), ते तिथे कळतं. LMV, म्हणजे खासगी, असेल तर वरचा सगळा फेरा तुमच्या नशिबी आहे. फायनान्सरचं नाव अजून दिसतंय का, फिटनेस कधीपर्यंत आहे, इंधनात PETROL/CNG लिहिलंय की नुसतं PETROL, तेही बघा. गॅसकिट बसवून आरसीवर न चढवलेल्या गाड्या बिनदिक्कत विकल्या जातात आणि फिटनेसला तीच गोष्ट घेणाऱ्याच्या गळ्यात येते. गॅसच्या टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे दाबाची चाचणी, दर तीन वर्षांनी लागते. टाकीजवळची पट्टी आणि टेस्टचं प्रमाणपत्र मागा. "आहे, घरी आहे" हे उत्तर म्हणजे नाही.

मग "तीन-साडेतीन रुपयांत किलोमीटर पडतो" ही थाप. दिवसाला 200 किमी, महिन्याला 25 दिवस, म्हणजे 5,000 किमी. शहरात एसी लावून सीएनजीवर किलोला 22 मिळाले तर 227 किलो गॅस, 80 रुपये भावाने साधारण 18,200. भागून बघितलं तर 3 रुपये 64 पैसे, म्हणजे जवळपास तेवढेच. पण त्या 200 पैकी भाड्याचे किती? पुढच्या पिकअपला रिकामं जाणं, गॅसच्या रांगेपर्यंत जाणं, घरी परतणं वजा केलं आणि 130 उरले, तर पैसे देणाऱ्या प्रत्येक किलोमीटरवर गॅसच 5 रुपये 60 पैशांचा पडतो. टायर 40,000 किमी चालले तर आठ महिन्यांत नवा संच, ऑइल 10,000 ला धरलं तर दर दोन महिन्यांनी. डीलरच्या तोंडी हिशोबात यातलं काहीच नसतं.

आणि मागच्या सीटवर कोणी बसून बघतं का? विकणारा तुम्हाला स्टिअरिंगवर बसवतो, बोनेट उघडतो, पण पैसे देणारा माणूस मागे बसणार आहे. बाहेरून किट बसवलेल्या गाडीत रिकाम्या टाकीचंच 60 किलोच्या आसपास वजन कायम मागच्या स्प्रिंगवर असतं, आणि ते स्प्रिंग पेट्रोल गाडीचे असतात. कंपनीच्या सीएनजी गाडीत मागचं सस्पेन्शन त्या वजनासाठी जुळवलेलं असतं. तिघांना मागे बसवून गतिरोधकावरून न्या. धाडकन आदळली तर स्प्रिंग बसलेत. एअरपोर्टच्या भाड्यांवर भिस्त असेल तर टाकी बसलेल्या डिकीत दोन मोठ्या बॅगा स्वतः ठेवून बघा. एसी दुपारी, गॅसवर, गाडी उभी ठेवून पंधरा मिनिटं चालवा. उभ्या गाडीत थंडावा जातो आणि धावताना परत येतो, तर संशय पंख्यावर किंवा चोंदलेल्या कंडेन्सरवर घ्या. दोन्ही वेळा कोमटच, तर एसीतला गॅस गळतोय किंवा कॉम्प्रेसर थकलाय.

"घरगुती वापरलेली" हे खरं आहे का, तेही मागचंच दार सांगतं. घरच्या गाडीत सगळ्यात जास्त वापरलं जातं ते ड्रायव्हरचं दार. कॅबमध्ये प्रवासी फुटपाथकडून चढतो, म्हणून मागचं डावं दार झिजतं. त्याचं हँडल सैल, उघडल्यावर दार किंचित खाली येतंय, सीटच्या डाव्या बाजूचा फोम दबलेला, आणि मीटर मात्र 58,000 दाखवतंय? मीटर फिरवलेलं असण्याची दाट शक्यता आहे. अधिकृत वर्कशॉपमधून नंबरवर सर्व्हिस हिस्टरी काढा आणि शेवटच्या नोंदीचे किलोमीटर मीटरशी ताडून बघा. हिस्टरी काढायला डीलर नको म्हणाला, तर टोकन खिशातच ठेवा.